स्टेंट बसल्यानंतर दारू: किती, कधी, आणि गोळ्यांचं काय? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी इंदूरच्या एका हृदयरोगतज्ज्ञांकडे काम करते. डिस्चार्जचा कागद हातात पडला की कोणती गोळी केव्हा घ्यायची ते समजावून सांगणं हे माझं काम. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगरकडची मराठी मंडळी येतात. पोहे-जिलबीचं काय, हा प्रश्न सगळ्यांसमोर मोठ्याने येतो. दारूचा प्रश्न मात्र पेशंट ईसीजीसाठी आत गेला की हळूच येतो, आणि बहुतेक वेळा तो बायको किंवा सून विचारते. पुरुष फार तर "बाकी सगळं चालू ठेवायला हरकत नाही ना?" एवढंच म्हणतात. त्या "बाकी सगळं" मधलेच हे प्रश्न आहेत. तुमच्या कागदावर डॉक्टरांनी "पूर्ण बंद" लिहिलं असेल तर तुमच्यासाठी तेच उत्तर. पुढचं वाचलंत तरी ते बदलणार नाही.

अटॅक आला, स्टेंट बसला. आता दारू कायमची बंद का?

सुरुवातीचे काही आठवडे बंद, याबद्दल डॉक्टरांत फारसा वाद नाही. हृदयाच्या स्नायूला मार बसलेला असतो, गोळ्यांचे डोस बसवणं चालू असतं, बीपी खालीवर होत असतं. साधारण महिना-दीड महिन्याने तपासणी होते, इको निघतो, आणि हृदय किती जोराने रक्त ढकलतंय ते कळतं. त्याआधी "किती चालेल" हा प्रश्नच उद्भवत नाही.

त्यानंतर वाटा फुटतात. इकोमध्ये हृदयाचं पंपिंग कमी निघालं असेल, म्हणजे रिपोर्टमध्ये इजेक्शन फ्रॅक्शन ४० टक्क्यांच्या आत असेल, तर बहुतेक हृदयरोगतज्ज्ञ पूर्ण बंद सांगतात, कारण दारू हृदयाचं आकुंचन आणखी ढिलं करते. दारूमुळेच हृदय फुगलेलं असेल तर थेंबही नको. नाडी अनियमित होण्याचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा त्रास असेल, लिव्हर बिघडलेलं असेल, स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल, ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असेल, पोटात अल्सर होऊन रक्त गेलं असेल, तरी हेच. आणि ज्याला एक घेतल्यावर थांबता येत नाही, त्याच्यासाठीसुद्धा हेच. त्याचा रिपोर्ट कितीही चांगला असो.

यांतलं काहीच नसेल, गोळ्या नियमित चालू असतील आणि माणूस आधीपासून थोडी घेणारा असेल, तर काही डॉक्टर मर्यादा घालून देतात. जो कधी घेतच नव्हता त्याने "हृदयाला चांगली असते" म्हणून सुरू करावी, असं आज कुठलीच मोठी हृदयरोग संघटना म्हणत नाही.

"थोडी चालेल" म्हणजे नेमकी किती?

इथेच सगळा घोळ होतो. डॉक्टर "थोडी" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात ग्रॅम असतात आणि पेशंटच्या डोक्यात ग्लास. म्हणून हिशोब एकदाच नीट मांडते.

आपल्याकडे मिळणाऱ्या व्हिस्की, रम, व्होडकाच्या बाटलीवर बहुतेक वेळा ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये त्या हिशोबाने सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, ६० मिलीच्या मोठ्या पेगमध्ये २०. १८० मिलीचा क्वार्टर म्हणजे सहा छोटे पेग, म्हणजे ६० ग्रॅम.

बिअरवाल्यांचा मोठा गैरसमज असतो. "मी दारू पीतच नाही, फक्त बिअर" असं सांगणारे ओपीडीत पुष्कळ येतात. ६५० मिलीच्या स्ट्राँग बिअरच्या बाटलीवर ८ टक्के लिहिलेलं असेल तर तिच्यात सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल असतं. म्हणजे चार छोटे पेग झाले. साध्या ५ टक्क्यांच्या बिअरची तेवढीच बाटली साधारण २५ ग्रॅमची.

आता मर्यादा. युरोपच्या हृदयरोग संघटनेने २०२१ मध्ये जास्तीत जास्त मर्यादा सांगितली ती आठवड्याला १०० ग्रॅम. म्हणजे दहा छोटे पेग, ३०० मिली. दोन क्वार्टरही भरत नाहीत. अमेरिकेतल्या संघटनांचं २०२३ चं मत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा जुना आजार असणाऱ्यांसाठी आहे. घेणाऱ्या पुरुषाने दिवसाला दोन ड्रिंकच्या आणि बाईने एका ड्रिंकच्या वर जाऊ नये, असं ते म्हणतात. त्यांचं एक ड्रिंक १४ ग्रॅमचं. पुरुषाचा आठवड्याचा हिशोब केला तर तो युरोपच्या जवळजवळ दुप्पट होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत तर सांगून टाकलं की आरोग्याला पूर्ण सुरक्षित असं प्रमाणच नाही.

मग कोणाचं ऐकायचं? माझ्या मते आपल्याकडच्या पेशंटने १०० ग्रॅम हे छत समजावं आणि त्याच्या बरंच खाली राहावं. आपल्या पेशंटपैकी अनेकांना साखरेचा आजार असतो, ट्रायग्लिसराइड वाढलेलं असतं, आणि पिण्याची पद्धत रोज जेवताना थोडीथोडी अशी नसून शनिवारी बसून अशी असते. आमचे डॉक्टरही बहुतेकांना "नको" असंच सांगतात. फारच आग्रह झाला तर, आणि वरच्या यादीतलं काही नसेल तर, एका वेळी एक छोटा पेग आणि तोही आठवड्यातून मोजक्या वेळा, इथपर्यंत येतात.

रोज घेत नाही, आठवड्याचा कोटा शनिवारी एकदम संपवला तर?

नाही. हृदयाला आठवड्याची बेरीज कळत नाही, त्या रात्री किती गेलं ते कळतं. एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा जास्त घेणं याला जागतिक आरोग्य संघटना जड मद्यपानाचा प्रसंग म्हणते. म्हणजे एक क्वार्टर. त्या रात्री आधी बीपी पडतं, मग सकाळपर्यंत चढतं, नाडी वाढते, आणि ठोक्यांची लय बिघडण्याची शक्यताही वाढते. सुट्टीत भरपूर पिऊन दुसऱ्या दिवशी छाती धडधडत दवाखान्यात येणाऱ्यांचं वर्णन डॉक्टरांनी १९७८ सालीच लिहून ठेवलंय, आणि त्या प्रकाराला "हॉलिडे हार्ट" हे नाव तेव्हापासूनच चिकटलं.

दारू घ्यायची असेल त्या रात्री हृदयाच्या गोळ्या घ्यायच्या की चुकवायच्या?

या पानावरचा माझ्या दृष्टीने हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि गंमत म्हणजे तो कोणी विचारत नाही. लोक मनानेच उत्तर ठरवून टाकतात की दारू आणि औषध एकत्र नको, मग आज औषध राहू दे.

स्टेंटच्या गोळ्यांच्या बाबतीत हे उलटं आहे. स्टेंट ही धातूची बारीक जाळी. रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर तिच्यावरून हळूहळू वाढतं आणि तिला झाकून घेतं. औषध लावलेल्या आजच्या स्टेंटवर याला महिने लागतात. तोपर्यंत रक्तातल्या प्लेटलेट्सना ती परकी वस्तू वाटते आणि त्या तिला चिकटायला बघतात. त्या चिकटू नयेत म्हणून दोन गोळ्या असतात. एक ॲस्पिरिन, बहुधा ७५ मिलिग्रॅम. दुसरी क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलर किंवा प्रासुग्रेल यांपैकी एक. अटॅकनंतर ही जोडी साधारणपणे वर्षभर चालवतात. रक्तस्रावाचा धोका पाहून डॉक्टर ती मुदत कमीजास्त करतात, पेशंटने करायची नसते. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ती रक्तवाहिनी एका झटक्यात बंद होते, आणि असे पेशंट दगावण्याचं प्रमाण मोठं असतं. गोळ्या मध्येच सोडणं हे त्याच्या ठळक कारणांपैकी एक.

आता टिकाग्रेलरकडे नीट बघा. ती ९० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा असते, समजा सकाळी आठ आणि रात्री आठ. म्हणजे तिचा दुसरा डोस बरोबर बैठकीच्या वेळेला येतो. क्लोपिडोग्रेल प्लेटलेटला तिच्या आयुष्यभरासाठी निकामी करते, म्हणून तिचा परिणाम काही दिवस रेंगाळतो. टिकाग्रेलर प्लेटलेटला धरते आणि सोडते, म्हणूनच ती दोनदा द्यावी लागते. शनिवारी रात्रीचा डोस गेला की मध्ये चोवीस तासांची फट पडते, आणि दर शनिवारी तीच फट.

म्हणून आमच्याकडे सांगतात ते असं: पिणं चुकवा, गोळी चुकवू नका. आणि प्यायलातच तरीही गोळी चुकवू नका. बैठकीला जायच्या आधी, घरातूनच, पाण्याबरोबर घेऊन निघा. नंतर "आठवणीने घेईन" हे दुसऱ्या ग्लासनंतर होत नाही. टिकाग्रेलर राहूनच गेली तर पुढची गोळी तिच्या ठरलेल्या वेळी घ्या. भरपाई म्हणून दोन एकदम घेऊ नका.

पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि दारू मिळून रक्तस्राव होत नाही का?

होऊ शकतो. म्हणून तर दारू कमी करायची, गोळी नव्हे. ॲस्पिरिन पोटाच्या अस्तराचं संरक्षण कमी करते, दारू तेच अस्तर सोलवटते, आणि प्लेटलेट्स झोपवलेल्या असल्यामुळे छोटी जखमही वाहत राहते. डॉक्टर सोबत पॅन्टोप्राझोल देतात ती यासाठीच. ॲसिडिटीची गोळी म्हणून लोक ती पहिली सोडतात. सोडू नका. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर दुकानदाराने बदली म्हणून ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल दिली तर घेऊ नका, त्यांनी क्लोपिडोग्रेलचा असर कमी होतो.

ओळखायचं कसं? संडास डांबरासारखी काळी, चिकट आणि घाण वासाची झाली, किंवा उलटीत कॉफीच्या चुऱ्यासारखं काही दिसलं, तर तो पोटातला रक्तस्राव समजून त्याच दिवशी दवाखान्यात जा. लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळी होते, पण ती अशी चिकट नसते. उभं राहताना अंधारी येणं, नाडी वाढणं, चेहरा पांढरा पडणं हेही त्याच यादीत.

सकाळी डोकं ठणकतं म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी टाकणं ही यातली सगळ्यात वाईट भर. पोटाला तिसरा मारा बसतो, आणि या वेदनाशामक गोळ्या हृदयाच्या पेशंटला एरवीही टाळायला सांगतात.

एखादं उदाहरण घेऊन सांगाल का?

समजा ५८ वर्षांचे एक काका आहेत. तीन महिन्यांपूर्वी अटॅक आला, उजव्या रक्तवाहिनीत एक स्टेंट. इजेक्शन फ्रॅक्शन ५० टक्के, म्हणजे ठीक. साखर आहे. सकाळी ॲस्पिरिन, टिकाग्रेलर, पॅन्टोप्राझोल, रामिप्रिल, मेटोप्रोलॉल. रात्री टिकाग्रेलर आणि ॲटॉरव्हास्टॅटिन. साखरेची ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची गोळी सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी. काका सांगतात, "आठवड्याला दोन-तीन पेग, जास्त नाही."

मी अशा वेळी घरच्यांना एक काम देते. काका नेहमी ओततात तसं ग्लासात पाणी ओतायला लावायचं, आणि ते खोकल्याच्या औषधाच्या मापाने मोजायचं. काकांचा "एक पेग" ७५ मिली निघतो. शनिवारी असे दोन, म्हणजे १५० मिली, म्हणजे ५० ग्रॅम. "आणि बुधवारी?" "बुधवारी काही नाही, नुसती एक बिअर." स्ट्राँग निघाली, ४१ ग्रॅम. बेरीज ९१. दोन-तीन पेग सांगणारे काका छताला टेकलेले आहेत, आणि शनिवारची बैठक क्वार्टरच्या आसपास जातेय.

आता शनिवारची रात्र बघू. साडेसातला जेवणाआधीची साखरेची गोळी घेतली, कारण आठला जेवायचं होतं. मित्र आले. शेव, दाणे, थोडं पनीर झालं आणि पोट भरल्यासारखं वाटलं. जेवण राहिलं. आठची टिकाग्रेलर "आज नको" म्हणून डबीतच राहिली. लिव्हर साखर साठवून ठेवतं आणि उपाशीपोटी रक्तात सोडतं, पण दारू पचवायच्या कामाला लागलं की नवी साखर बनवायचं काम मागे पडतं. वर ग्लिमेपिराइड पोटात. पहाटे तीनला काका घामाने भिजलेले आणि बरळतायत. काकूंना वाटतं चढलीय. मेटोप्रोलॉलमुळे छातीची धडधड आणि हातांची थरथर, ही साखर घटल्याची नेहमीची खूण दबून जाते. उरतो तो फक्त घाम. अशा वेळी ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली असेल आणि माणूस गिळू शकत असेल तर साखरपाणी द्या. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. आणि साखर नॉर्मल निघूनही घाम असेल तर तो अटॅकचा घाम असू शकतो. तेव्हाही १०८.

काकांसाठी काय बदललं? बुधवारची बिअर गेली. शनिवारी ३० मिलीच्या मापाने एक, सोबत पूर्ण जेवण, टिकाग्रेलर पावणेआठला मित्र येण्याआधी, झोपताना साखर बघायची. बैठकीच्या दिवशी संध्याकाळच्या ग्लिमेपिराइडचं काय करायचं ते साखरेच्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घेतलं. काकांनी कुरकुर केली, की एकासाठी बसायचं कशाला! त्यावर काकू म्हणाल्या की हाच तर मुद्दा आहे.

जिभेखालची सॉर्बिट्रेट आणि दारू?

दोन्ही रक्तवाहिन्या सैल करतात. दोन-तीन पेगनंतर छातीत दुखलं म्हणून उभ्याने गोळी जिभेखाली ठेवली तर बीपी धाडकन पडून माणूस कोसळू शकतो. बसून किंवा आडवं होऊन घ्या, आणि पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर १०८ ला फोन करा.

याच ओळीत एक गोष्ट, जी कोणी बायकोसमोर विचारत नाही. बैठकीनंतर लैंगिक ताकदीसाठी सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल घेणारे पुष्कळ आहेत. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास सॉर्बिट्रेट किंवा कुठलीही नायट्रेटची गोळी घ्यायची नाही. इमर्जन्सीत डॉक्टरांना हे आधी सांगा. त्यांना ऐकून धक्का बसत नाही, पण न सांगता सलाइनमधून नायट्रेट गेलं तर बीपी हाताबाहेर जाऊ शकतं.

कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. लिव्हर खराब होईल का?

कधीतरी एक छोटा पेग आणि ॲटॉरव्हास्टॅटिन, एवढ्याने सहसा होत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याचं लिव्हर दारूनेच बिघडतं आणि दोष गोळीला जातो. डॉक्टर सांगतील तेव्हा एसजीपीटी करा. लघवी चहासारखी काळपट झाली किंवा अंग विनाकारण खूप दुखायला लागलं तर लगेच कळवा.

आमचे सासरे रोज घेतात, हे डॉक्टरांना सांगायलाच हवं का? चारचौघांत कसं सांगायचं?

सांगायलाच हवं, आणि भरती होतानाच. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू हॉस्पिटलात अचानक तुटते. सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, नाडी आणि बीपी चढतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होतो, माणूस सुया उपटतो, पलंगावरून उतरायला बघतो. नुकताच अटॅक येऊन गेलेल्या हृदयावर हा ताण फार वाईट. आधी माहीत असेल तर डॉक्टर वेळेवर औषध देऊन हे आवरू शकतात. माहीत नसेल तर आयसीयूत सगळे "आजोबा असे का वागतायत" म्हणत बसतात.

चारचौघांत सांगायची गरज नाही. राउंडनंतर ड्यूटीवरच्या नर्सला बाजूला घेऊन एवढंच सांगा की रोज किती वाजता, किती, आणि शेवटची केव्हा घेतली.

घरी रोज पिणाऱ्याने स्टेंटनंतर मनाने एका रात्रीत बंद करू नये, त्याचं कारणही हेच. डॉक्टरांच्या देखरेखीत सोडावी.

दारू सोडवायची पावडर जेवणात मिसळून देतात, ती ह्यांना देऊ का?

मुळीच नाही. ओळखीच्या कोणाच्या तरी सांगण्यावरून बायका ही पावडर किंवा गोळ्यांची पूड भाजीत घालतात, हे मी पाहिलंय. त्यामागची तळमळ समजते. पण अशा पुड्यांमध्ये बऱ्याचदा डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना दारू गेली की शरीरात अॅसिटाल्डिहाइड साचतं. चेहरा लाल होतो, उलट्या होतात, नाडी सुसाट पळते आणि बीपी पडतं. धडधाकट माणसाला ही शिक्षा वाटते. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्याला याने अटॅक येऊ शकतो, म्हणून अशा पेशंटला हे औषध डॉक्टरसुद्धा टाळतात. शिवाय ज्याला ते दिलंय त्याला माहीतच नसतं, आणि शेवटच्या डोसनंतर दोन आठवड्यांपर्यंत त्याचा असर राहू शकतो. आधीच दिली असेल तर आजच बंद करा आणि डॉक्टरांना सांगा. सोडवण्यासाठी दुसरी औषधं आहेत. ती मनोविकारतज्ज्ञ पेशंटला सांगून आणि लिव्हर, किडनी तपासून देतात.

रेड वाइन हृदयाला चांगली म्हणतात. आणि थंडीत चमचाभर ब्रँडी?

वाइनची कीर्ती जुन्या पाहण्यांमुळे पसरली. त्यांत थोडी घेणारे हे न घेणाऱ्यांपेक्षा निरोगी दिसले. पण "न घेणाऱ्यां"च्या रांगेत आजारपणामुळे सोडलेलेही बसले होते, आणि थोडी वाइन घेणारे बरेचसे खाऊनपिऊन सुखी, व्यायाम करणारे होते. हा फरक काढून टाकला की फायदा बराचसा विरघळतो. वाइनमधून द्राक्षाच्या सालीतलं औषध मिळवायचं असेल तर त्यापेक्षा द्राक्षं खा, साखर बघून.

ब्रँडीने ऊब वाटते, कारण कातडीजवळच्या रक्तवाहिन्या उघडतात. शरीर खरं तर उष्णता घालवत असतं. छातीत कळ आल्यावर ब्रँडी देणं म्हणजे हॉस्पिटलला निघायला उशीर करणं.

महूच्या मिलिटरी कॅन्टीनची रम शुद्ध असते. झाबुआकडची मोहाची तर नैसर्गिक. त्या चालतील?

कॅन्टीनची रम स्वस्त असते, हलकी नसते. बाटलीवरचा टक्का बघा, हिशोब तोच. घरगुती मोहाच्या दारूचा टक्का कोणालाच माहीत नसतो, त्यामुळे ग्रॅम मोजताच येत नाहीत, आणि भट्टी चुकली तर विषबाधेची भीती वेगळी. हृदयाच्या पेशंटने तिला हात लावू नये.

रंगपंचमीच्या गेरीत भांग? आणि उज्जैनच्या काळभैरवाचा प्रसाद?

भांग नको. ती नाडी चांगलीच वाढवते, आणि थंडाईत किती गेली ते तासाभराने कळतं, तोपर्यंत दुसरा ग्लास झालेला असतो. काळभैरवाचा दारूचा प्रसाद चमचाभर असेल तर दोन ग्रॅमही भरत नाही. ज्याची दारू सुटलेली आहे त्याने मात्र हात जोडावेत आणि तीर्थ दुसऱ्याला द्यावं.

पार्टीच्या रात्री छातीत जळजळलं तर ॲसिडिटी समजायची का?

स्टेंट असलेल्या माणसाने नाही. गराडू, कचोरी, पेग एवढं झाल्यावर जळजळ होणारच, असं घरचे म्हणतात, आणि बऱ्याचदा ती खरंच ॲसिडिटी असते. पण घरी बसून फरक कळत नाही, तो ईसीजीने आणि रक्ताच्या ट्रोपोनिन चाचणीने कळतो. छातीच्या मध्ये दाब, जबडा किंवा डाव्या हातात ओढ, दम, थंड घाम यांतलं काही असेल, किंवा तुमचा पहिला अटॅक ज्या दुखण्याने आला तसंच दुखत असेल, तर अँटासिड पिऊन तास काढू नका. १०८ बोलवा. पेशंटने गाडी चालवायची नाही, आणि प्यायलेल्या मित्रानेही नाही. ॲस्पिरिन चघळायची का, हे फोनवर डॉक्टर सांगतील तसं करा, विशेषतः पोटातून रक्त गेल्याची शंका असेल तर. हॉस्पिटलात स्टेंटचं कार्ड दाखवा, शेवटची टिकाग्रेलर किंवा क्लोपिडोग्रेल किती वाजता घेतली ते सांगा, आणि किती प्यायलात तेही. प्यायलेल्या माणसाचीही अँजिओप्लास्टी होते.